मॅराडोना आणि सहा बेल्जियन: त्या फोटोचं खरं वर्ष कोणतं

"हा फोटो १९८६ च्या वर्ल्डकप सेमीफायनलचा आहे. एकट्या मॅराडोनाला अडवायला बेल्जियमने सहा प्लेयर लावले होते, आणि पुढच्याच क्षणी या सहाही जणांना चकवून त्याने गोल मारला!"

फोटो खरा आहे, एडिट केलेला नाही. स्टीव्ह पॉवेल नावाच्या फोटोग्राफरने काढलेला आहे आणि माझ्या मते फुटबॉलच्या सगळ्यात सुंदर फोटोंपैकी एक आहे, म्हणूनच त्याच्याखाली वरचं चुकीचं कॅप्शन फिरताना बघून जीव तुटतो. वरच्या दोन वाक्यांत तीन वेगवेगळे दावे आहेत, मॅच कुठली, सहा जण तिथे का उभे आहेत, आणि नंतर काय झालं, आणि तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीने तपासावे लागतात. एकाच पुराव्यावर तिन्ही निकाली निघत नाहीत.

आधी मॅच. फोटोत काय दिसतं ते बघा. पाठमोरा १० नंबर, आकाशी-पांढरे उभे पट्टे, पायाशी बॉल, समोर लाल कपड्यातले सहा जण आणि मागे नुसतं गवत. स्कोअरबोर्ड नाही, जाहिरातीचा बोर्ड नाही, स्टेडियम ओळखू येईल असं काहीच नाही. अशा फोटोत पहिलं काम म्हणजे वेळापत्रक उघडणं. अर्जेंटिना आणि बेल्जियम मॅराडोनाच्या काळात वर्ल्डकपमध्ये दोनदाच समोरासमोर आले. एकदा १३ जून १९८२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर, ती त्या वर्ल्डकपची अगदी पहिली मॅच होती, आणि दुसऱ्यांदा २५ जून १९८६ ला मेक्सिको सिटीच्या अझ्टेकावर, ती सेमीफायनल. म्हणजे प्रश्न एकदम छोटा झाला, दोघींपैकी कुठली एवढंच ठरवायचंय.

काही जण हाच फोटो इंग्लंडविरुद्धच्या त्या प्रसिद्ध गोलचा म्हणूनही टाकतात. ते जर्सीवरूनच निकालात निघतं. २२ जून १९८६ ला अर्जेंटिना गडद निळ्या शर्टात खेळली होती आणि इंग्लंड पांढऱ्या. इथे ना गडद निळा आहे ना पांढरा संघ.

आता दोघींमधली निवड. इथे लोक पटकन चेहऱ्यांकडे जातात, "हा अमुक आहे, तो ८६ ला होता, झालं सिद्ध!" पण बेल्जियमची फाफ, गेरेट्स, कुलेमान्स ही मंडळी ८२ लाही होती आणि ८६ लाही, त्यामुळे चेहरा ओळखला तरी वर्ष ठरत नाही. मॅराडोनाचा १० नंबरही काही सांगत नाही कारण दोन्ही वर्ल्डकपमध्ये तो १० च होता. (१९८२ ला अर्जेंटिनाने नंबर आडनावाच्या अक्षरक्रमाने वाटले होते, त्यामुळे मिडफिल्डर आर्डिलेसच्या पाठीवर १ नंबर होता, पण मॅराडोनाला मात्र क्रम मोडून १० दिला. आर्डिलेसचा हा १ नंबर लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.) जो पुरावा दोन्ही शक्यतांना सारखाच बसतो तो कितीही जवळून बघितला तरी उपयोगाचा नाही, त्यामुळे दोन मॅचमध्ये नेमकं काय बदललं होतं तेच शोधावं लागतं.

दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे कॅप्टन. १९८६ ला मॅराडोना कॅप्टन होता आणि त्या वर्ल्डकपच्या कुठल्याही मॅचमधला त्याचा फोटो काढा, डाव्या दंडावर आर्मबँड दिसणारच. १९८२ ला कॅप्टन होता पासारेला. या फोटोत मॅराडोनाचे दोन्ही हात शरीरापासून लांब पसरलेले आहेत, दंड उघडे दिसतात, आणि पट्टी कुठेच नाही. फोटो उलटा केलेला असेल, डाव्याचा उजवा झाला असेल अशी शंका आली तर पाठीवरचा १० बघायचा, उलट्या फोटोत तो ०१ असा वाचला गेला असता. तो सरळ वाचता येतोय.

दुसरी म्हणजे बेल्जियमच्या कपड्यांचा मेकर. ८२ चा त्यांचा किट अ‍ॅडमिरलचा होता. ८६ पर्यंत ते आदिदासकडे गेले होते, म्हणजे खांद्यापासून बाहीवर खाली येणाऱ्या तीन पट्ट्या. "लाल म्हणजे लाल" म्हणून इथे सोडून देऊ नका, रंग वर्षानुवर्षं तोच राहतो पण कट, कॉलर आणि बाहीवरच्या पट्ट्या बदलतात. यासाठी फोटोची मोठी कॉपी लागते. पंधरा वेळा फॉरवर्ड होऊन धुरकट झालेल्या फोटोत बाहीवर काय आहे ते कळणारच नाही, आणि न कळणं म्हणजे "पट्ट्या नाहीत" असं होत नाही. आधी चांगली कॉपी शोधा आणि मग बोला.

आर्मबँड नाही, किट अ‍ॅडमिरलचा, आणि मूळ फोटो एजन्सीच्या कॅप्शनमध्येही १९८२, बार्सिलोना असंच आहे. कॅप्शन मी मुद्दाम शेवटी घेतलं, कारण एजन्सीच्या कॅप्शनमध्येही कधीकधी चूक असते आणि आधी ते वाचलं की मग डोळे तेच शोधत बसतात. आणि फाईलच्या आतली तारीख वगैरे बघायचा इथे उपयोगच नाही, हा फिल्मवरचा फोटो आहे, फाईलमध्ये जी तारीख असेल ती स्कॅनची.

आता सहा जण. माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण वर्ष दुरुस्त करून टाकणारे लोकही "मॅराडोनाला सहा डिफेंडर" हे तसंच ठेवतात.

साधा हिशोब करा. बेल्जियमचे गोलकीपर सोडून दहा. त्यातले सहा एकट्यावर लावले तर उरले चार, आणि त्या चौघांनी अर्जेंटिनाचे उरलेले नऊ जण बघायचे! कुठलाच कोच असं करणार नाही. शिवाय उभं राहण्याची पद्धत बघा. चालू खेळात डिफेंडर पुढेमागे पसरलेले असतात, एक अंगावर येतो, दुसरा त्याच्या मागे कव्हरला, तिसरा दुसऱ्याच कुणाला बघत असतो. इथे सहाही जण जवळजवळ एका रांगेत, एकमेकांना लागून आणि सगळे एकाच बाजूला वळताना. अशी रांग चालू खेळात आपोआप तयार होत नाही, ती आधी बनवलेली असते. ती फ्री-किकची भिंत आहे.

हे मॅचच्या व्हिडिओत स्वच्छ दिसतं. अर्जेंटिनाला फ्री-किक मिळाली, बेल्जियमने नियमाप्रमाणे ९.१५ मीटरवर भिंत लावली, आणि थेट शॉट न मारता आर्डिलेसने बॉल बाजूला मॅराडोनाकडे ढकलला. भिंतीतले लोक फुटून त्याच्याकडे वळायला लागले आणि नेमक्या त्या क्षणी पॉवेलचं शटर पडलं. सेकंदभर आधी ही नेहमीची भिंत होती आणि पुढच्या सेकंदाला हे सहा जण सहा दिशांना गेलेले. लांब लेन्समुळे पुढचं-मागचं अंतरही चेपलं जातं, म्हणून ते एकमेकांच्या आणि मॅराडोनाच्या अंगावर असल्यासारखे वाटतात, प्रत्यक्षात अंतर जास्त होतं.

व्हिडिओत हा क्षण स्वतः शोधायचा असेल तर अख्खी मॅच बघत बसू नका, फक्त अर्जेंटिनाच्या फ्री-किक बघा आणि त्यातही जिथे बॉल आखूड दिला जातो त्याच. पाठीवर १ नंबर असलेला मैदानी खेळाडू बॉलजवळ दिसला की थांबा, तो आर्डिलेस. मग एकेक फ्रेम पुढे न्या. टीव्हीचा मुख्य कॅमेरा मैदानाच्या बाजूला असतो आणि फोटो मॅराडोनाच्या पाठीमागून आहे, त्यामुळे दोन्ही चित्रं सारखी दिसणार नाहीत, फोटोत डावीकडून उजवीकडे असलेली रांग टीव्हीवर जवळून लांब अशी दिसेल. म्हणून चित्राशी चित्र जुळवायचं नाही. किती जण आहेत, कोण कोणाच्या शेजारी आहे, कुणाचा कुठला पाय पुढे आहे, बॉल मॅराडोनाच्या कुठल्या पायाजवळ आहे, हे एकेक जुळवायचं. एखादी गोष्ट योगायोगाने जुळेल, चारही एकाच फ्रेमच्या आसपास जुळल्या तर तोच क्षण.

एक सावधानता. त्या काळात स्क्रीनच्या कोपऱ्यात स्कोअर आणि घड्याळ सतत चालू नसायचं, मधूनमधून पट्टी यायची आणि जायची. त्यामुळे ८२ किंवा ८६ च्या एखाद्या क्लिपवर आजच्यासारखं कायमचं घड्याळ दिसत असेल तर ते नंतर कुणीतरी चिकटवलंय, त्यावरून मिनिट ठरवू नका.

शेवटी गोल. यासाठी फोटोत बघायची गरजच नाही, निकाल बघा. १३ जून १९८२, अर्जेंटिना ०, बेल्जियम १. गोल फॅन्डेनबर्गचा, ६२ व्या मिनिटाला. अर्जेंटिनाने त्या मॅचमध्ये एकही गोल केला नाही, त्यामुळे "पुढच्याच क्षणी गोल" होणं शक्यच नाही. गतविजेता संघ पहिल्याच मॅचमध्ये हरला, मॅराडोनाची ती पहिली वर्ल्डकप मॅच होती आणि ती त्याच्यासाठी वाईट गेली.

गोंधळ कुठून आला तेही कळतं. ८६ च्या सेमीफायनलमध्ये अर्जेंटिना २-० जिंकली आणि दोन्ही गोल मॅराडोनाचे, ५१ आणि ६३ व्या मिनिटाला, त्यातला दुसरा खरोखरच बेल्जियन डिफेंडरांच्या घोळक्यातून वाट काढून मारलेला. लोकांच्या आठवणीत तो गोल आहे आणि हातात हा फोटो आहे, दोन्हीकडे मॅराडोना आणि दोन्हीकडे लाल कपडे, मग जोडी लागली.

"वर्ष चुकलं असेल, पण सगळे त्याला घाबरायचे हे तर खरं ना" असं उत्तर येतं, नेहमी येतं. घाबरायचे, नक्कीच. पण १९८२ ला त्याला कसं अडवलं हे बघायचं असेल तर २९ जूनची इटलीची मॅच बघा. तिथे एकटा जेंटिले संपूर्ण मॅचभर त्याच्या अंगाला चिकटून होता, ओढत, ढकलत, फाऊल करत, आणि इटली २-१ ने जिंकली. तो एकाला एक डिफेन्स होता. आणि पॉवेलच्या फोटोखाली लिहायचंच असेल तर एवढं पुरे: १३ जून १९८२, कॅम्प नोऊ, आर्डिलेसने फ्री-किक आखूड दिल्यावर फुटत असलेली बेल्जियमची भिंत आणि मॅराडोना.