करंट रेशो चांगला, तरी बिल का थकलं?

*"तुमच्या मागच्या लेखात वाचलं होतं की करंट रेशो २ आणि क्विक रेशो १ च्या वर असला की कंपनीकडे पैसे अडकत नाहीत. मी ज्यांना माल देतो त्यांचे आकडे २.१ आणि १.३ होते, म्हणून ४५ दिवसांची उधारी दिली. चार महिने झाले, बिल निघालेलं नाही. असे रेशो शिकवून काय उपयोग?"*

तुमचा राग रास्त आहे. ते वाक्य मी तसं लिहायला नको होतं. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. तुमच्याच दोन आकड्यांवर बेतलेला एक ताळेबंद घेऊन चूक नेमकी कुठे आहे ते दाखवतो. बाकीचे आकडे मी धरलेले आहेत.

समजा, कंपनीकडे रोख १० लाख, गिऱ्हाइकांकडून येणं १२० लाख आणि मालाचा साठा ८० लाख आहे. म्हणजे चालू मालमत्ता २१० लाख. चालू देणी १०० लाख: पुरवठादारांचे ६०, बँकेच्या कॅश क्रेडिटचे ३० (मर्यादा पूर्ण वापरलेली), पगार आणि करांचे १०. २१० भागिले १०० केले की करंट रेशो २.१. साठा वगळला की उरतात १३०, म्हणून क्विक रेशो १.३.

आता वर्षाची विक्री ३६५ लाख आणि सगळी उधारीवर, असं धरा. रोजची विक्री एक लाख, म्हणजे १२० लाखांचं येणं ही १२० दिवसांची विक्री झाली. गिऱ्हाइकं सरासरी चार महिन्यांनी पैसे देतात. क्विक रेशो मात्र हे येणं रोख रकमेच्याच रांगेत बसवतो. उद्या मिळणारा रुपया आणि चार महिन्यांनी मिळणारा रुपया त्याला सारखाच.

पुढच्या ३० दिवसांत वसुली होईल साधारण ३० लाख. हातातले १० धरून ४० लाख. त्याच ३० दिवसांत पुरवठादारांचे ५० आणि पगार-करांचे १०, असे ६० लाख द्यायचे आहेत. २० लाख कमी पडतात आणि बँकेतून आणखी उचलता येत नाहीत. साठ्यातला माल विकला तरी तो पुन्हा उधारीवरच जाणार, त्याचे पैसे आणखी चार महिन्यांनी. पगार आणि कर सहसा थांबवता येत नाहीत. थांबतात ते पुरवठादार. तुमचंही बिल असंच थांबलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती मला जास्त खटकते. वर्षअखेरीच्या दोन दिवस आधी याच कंपनीकडे रोख ५० लाख होती आणि पुरवठादारांचं देणं १०० लाख, असं समजा. तेव्हा चालू मालमत्ता २५० आणि चालू देणी १४०. करंट रेशो १.७९, क्विक रेशो १.२१. मग ४० लाखांची बिलं एकदम चुकती केली आणि रेशो झाले २.१ आणि १.३. रोख ५० वरून १० वर आली, आणि नेमका त्याच क्षणी आकडा सुधारला! यात खोटं काहीच नाही. रेशो १ च्या वर असताना वरून आणि खालून सारखीच रक्कम वजा केली की तो वाढतोच. १ च्या खाली असेल तर उलट घसरतो. म्हणून एका तारखेच्या ताळेबंदातल्या रेशोवर उधारी देऊ नये.

उलटी बाजूही आहे. जो धंदा रोखीने विकतो आणि पुरवठादाराला महिन्या-दीड महिन्याने पैसे देतो, त्याचा करंट रेशो ०.८ असूनही बिलं वेळेवर निघू शकतात, कारण गल्ला रोज भरतो. विक्री घटली की मात्र अडचण लगेच दिसते.

मग पाहायचं काय? तुम्ही पुरवठादार आहात, तेव्हा आधी देण्याचे दिवस काढा: पुरवठादारांचं देणं भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५. वरच्या कंपनीची खरेदी २१९ लाख धरली तर ६० लाखांचे १०० दिवस होतात. बोली ४५ दिवसांची आणि सरासरी १०० दिवसांची, म्हणजे ती आधीपासूनच इतरांची बिलं थकवत होती. वर्षअखेरीच्या त्या ४० लाखांआधी तर हा आकडा १६७ होता. मग येण्याचे दिवस, म्हणजे येणं भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५, काढा आणि दोन्ही आकडे तीन वर्षांचे शेजारी ठेवा. करंट रेशो जागच्या जागी आणि हे दोन्ही आकडे दरवर्षी वाढत असतील, तर कंपनी पुरवठादारांच्या पैशावर गिऱ्हाइकांना उधारी देते आहे.

रेशो काढणं मी सोडलेलं नाही. २.१ आणि १.३ यांच्यातलं अंतर एवढंच सांगतं की देण्याच्या ८० टक्के इतकी रक्कम मालात अडकली आहे. तो माल किती दिवसांत विकला जातो, हा प्रश्न तिथूनच सुचतो. तुमच्याकडे त्यांचे मागचे दोन ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं असतील तर विक्री, खरेदी, येणं आणि पुरवठादारांचं देणं एवढे आकडे खाली लिहा, कंपनीचं नाव नको. दिवस मी काढून देतो.