360 चे 420 कसे झाले: एका प्रतिक्रियेला उत्तर

स्टीलवरच्या टायटॅनियम नायट्राइडच्या कोटिंगमध्ये बारीक टोक वेगवेगळ्या खोलीपर्यंत दाबून त्याचा मोड्युलस, म्हणजे ताठरपणा, मी मागच्या पोस्टमध्ये 420 गिगापास्कल दिला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"200 नॅनोमीटरला मोड्युलस 360 गिगापास्कल आला असताना तुम्ही 420 छापता? कोटिंग 2 मायक्रॉनचं, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत आहात, मग तोच खरा आकडा. खोलीबरोबर आकडा घसरतो म्हणजे मशीन बिघडलंय. होल्ड किती, रफनेस किती, पत्ता नाही. आकडे फुगवायची तुमची जुनी खोड."

'खोड' हा शब्द माझ्या आईखेरीज मला कुणी लावलेला नाही. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या दाबायच्या पंचांवरची कोटिंग तपासण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. हाच तुमचा हिशेब धरून मी एकदा एका पुरवठादाराची अख्खी खेप परत केली आणि मग त्याची माफीही मागितली. त्यामुळे जरा सबुरीनं घ्या.

रफनेस लिहायचा राहिला, हे कबूल. पॉलिश केलेल्या तुकड्यावर तो 3 नॅनोमीटर होता आणि त्याच्या वीसपट, म्हणजे 60, यापेक्षा उथळ ठसे मी धरले नाहीत.

आता तुमचे दहा टक्के. तो नियम हार्डनेससाठी आहे हो! हार्डनेस ठरवते टोकाखाली कायमची दबलेली जागा. ती लहान असते, त्यामुळे खोली जाडीच्या दहाव्या हिश्शात ठेवली की ती कोटिंगमध्येच मावते. मोड्युलस मात्र आपण अनलोडिंगच्या, म्हणजे भार काढतानाच्या कर्व्हच्या, उतारावरून काढतो, आणि त्या वेळी सावरतो तो स्प्रिंगसारखा दबलेला सगळा भाग. तो टोकाच्या कितीतरी खाली, थेट स्टीलपर्यंत पसरलेला असतो.

माझाच कर्व्ह घ्या. 15 मिलिन्यूटनला खोली 200, उताराची सुरुवात नॅनोमीटरमागे 0.262 मिलिन्यूटन. टोकाभोवती पृष्ठभाग लवचिकपणे जेवढा खचतो तेवढं वजा केलं की खरी संपर्काची खोली 157 उरते. तेवढ्या क्षेत्रफळावर हार्डनेस 25 च्या आसपास येतो आणि मोड्युलस 360. टायटॅनियम नायट्राइडच्या खाली 210 मोड्युलसचं स्टील असेल, तर आकडा खालीच ओढला जाणार ना! 60 ला 402, 100 ला 390, 150 ला 375. रेघ शून्य खोलीपर्यंत मागे नेली की 420. हार्डनेस मात्र या सगळ्या खोल्यांना तेवढाच राहिला.

आणि मशीन बिघडलं असतं, किंवा टोक झिजलं असतं, तर त्याच दिवशी दाबलेल्या फ्यूज्ड क्वार्ट्झ या प्रमाण नमुन्याचा आकडाही खोलीबरोबर हलला असता. तो 60 पासून 200 पर्यंत 72 वर ठाम होता. पोस्टमधली दुसरी आकृती तीच. ती उघडायचे कष्ट घेतले असते तर हे उत्तर लिहावं लागलं नसतं.

होल्डचं, म्हणजे पूर्ण भारावर थांबण्याचं, म्हणाल तर दहा सेकंद. भार तोच असतानाही टोक हळूहळू रुतत जातं, त्या क्रीपमुळे उतार बिघडतो, हे मलाही ठाऊक आहे.

पुढच्या वेळी 'खोड' काढण्याआधी पानभर खाली स्क्रोल करा.