शीर्षकाला विभक्ती लावू नका

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक मेल आला: खर्चाच्या ताळेबंदातले आकडे दुरुस्त केले आहेत, कृपया पाहावेत. मी फोल्डरमध्ये 'खर्चाच्या' टाकून शोधलं. काहीच आलं नाही. फाईलचं नाव होतं "खर्चाचा_ताळेबंद.xlsx".

वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध होतं. 'ताळेबंद'ला प्रत्यय लागला की आधीच्या 'चा'चं 'च्या' होणारच. पण फाईलचं नाव आपल्या व्याकरणाने वळत नाही. एक अक्षर बदललं की शोधताना ते सापडत नाही. शिवाय अवतरणचिन्हं नसल्यामुळे फाईलबद्दल बोलताहेत की एकूण हिशेबाबद्दल, तेही कळेना. ऑडिटरला पाठवलेली पीडीएफही त्याच फोल्डरमध्ये होती.

माझं ठाम मत आहे की मराठी मेलमध्ये शीर्षक जसंच्या तसं अवतरणात ठेवावं आणि विभक्ती पुढच्या साध्या नामाला लावावी. "खर्चाचा_ताळेबंद.xlsx" या फाईलमधले आकडे दुरुस्त केले आहेत. 'या फाईलमधले', 'या अहवालात', 'या परिपत्रकानुसार' असं लिहिलं की शीर्षकाला हात लावावा लागत नाही, आणि ती फाईल आहे की छापील कागद हेही त्याच शब्दात कळतं.

मी अहवाल-परिपत्रकांच्या शीर्षकांना एकेरी अवतरण देते आणि फाईलच्या नावाला दुहेरी. विंडोजमध्ये फाईलच्या नावात दुहेरी अवतरणचिन्ह चालतच नाही, एकेरी मात्र चालतं. त्यामुळे दुहेरी चिन्ह दिसलं की ते नावाचा भाग नाही, याची खात्री असते.

पूर्णविरामाचा घोळ वेगळा. हिंदीत वाक्य दंडाने संपतं, आपलं टिंबाने. फाईलच्या नावातही टिंबच असतं. 'कृपया पाहावी: budget_v3.xlsx.' असं लिहिलं की कॉपी करणारा शेवटचं टिंबही उचलतो. हा क्रम मुळात इंग्रजीतून आलेला आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'कृपया "budget_v3.xlsx" ही फाईल पाहावी.' असं लिहा, म्हणजे नाव मध्ये राहतं आणि पूर्णविराम क्रियापदाला चिकटतो.

मेलच्या विषयाचंही तसंच. विषयात प्रश्नचिन्ह असेल तर ते अवतरणाच्या आतच राहू द्या, कारण ते त्या विषयाचं आहे: 'थकीत बिलं कधी मिळणार?' या विषयाच्या मेलला अजून उत्तर आलेलं नाही. वाक्य आपलं साधं विधान आहे, म्हणून शेवटी पूर्णविरामच. सुरुवातीचं Re: किंवा Fwd: मात्र मी गाळते. ते मेलला उत्तर देताना किंवा तो पुढे पाठवताना आपोआप लागतं, लिहिणाऱ्याने विषय म्हणून दिलेलं नसतं. आणि मेलची तारीख जोडते, कारण 'थकीत बिलं' या विषयाचे आमच्याकडे दर महिन्याला मेल असतात.