ती ‘गैरहजर’ कशी?

गच्चीवर चढून ऑनलाइन तास करणाऱ्या मुलीची गोष्ट आपण २०२० मध्ये खूप वाचली. फोटोखाली बहुतेक एकच शब्द असायचा, ‘जिद्द’. तशी एक मुलगी आमच्या घरात आहे, माझी पुतणी. तिच्या गोष्टीतला सगळ्यात त्रासदायक भाग फोटोत दिसत नाही, म्हणून लिहितोय.

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. टॉवर डोंगरापलीकडे. घरात रेंज शून्य, कारण उरलीसुरली रेंज स्लॅब आणि भिंती खातात. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मात्र एखाद-दुसरी दांडी यायची. जुलैचा पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल. पोरगी आठवीत होती.

रोज हजेरी व्हायची. सर नाव घ्यायचे, ही ओरडून “हजर सर” म्हणायची, आणि सर पुढच्या नावाकडे जायचे. महिनाअखेरीस घरी निरोप आला, मुलगी तासाला बसत नाही. वहिनी तिलाच रागावल्या. रडत मला म्हणाली, “काका, मला सरांचं सगळं ऐकू येतं, पण माझं त्यांना काहीच जात नाही.”

पोरगी अगदी खरं बोलत होती. टॉवर वीस-चाळीस वॉट ताकदीने बोलतो, मोबाइल जास्तीत जास्त ०.२ वॉटने. दूरच्या टॉवरचा आवाज मोबाइलपर्यंत कसाबसा पोहोचतो, मोबाइलचा मात्र वाटेतच विरतो. स्क्रीनवरच्या दांड्या टॉवरकडून काय येतंय तेवढंच दाखवतात. आपलं तिकडे पोहोचतंय का, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यात शाळेचा नियम, कॅमेरा चालूच हवा. म्हणजे जी वाट आधीच अरुंद, तिच्यातूनच व्हिडिओ ढकलायचा. मोबाइल पूर्ण ताकद लावून तापायचा, बॅटरी तास संपायच्या आत उतरायची. सरांना दिसायचा फक्त गोठलेला चेहरा.

मी सरांशी फोनवर बोललो. माणूस भला, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला कॅमेरा बंद ठेवायची मुभा मिळाली आणि हजेरी लिहून पाठवायची असं ठरलं. लेखी मेसेज अगदी छोटा असतो आणि एकदा नाही गेला तर मोबाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आवाजाला तशी सवड नसते, क्षण गेला की गेला. शिवाय सर धडा आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकू लागले. अर्ध्या तासाचा धडा साध्या दर्जात सात-आठ एमबीत मावतो. तेवढ्याच वेळाच्या व्हिडिओला सहज दोनशेच्या वर लागतात. ती फाइल पोरगी पाऊस थांबला की वर जाऊन उतरवून घ्यायची आणि खाली कोरड्यात बसून ऐकायची.

आधीचा महिना मात्र हजेरीपटावर ‘गैरहजर’ म्हणूनच राहिला. मला याचा अजून राग येतो. आजही अतिवृष्टीची सुट्टी लागली की काही शाळा ऑनलाइन तास घेतात आणि कॅमेरा चालू ठेवायला सांगतात. शिक्षक मित्रांनो, ज्या मुलाचा आवाज येत नाही त्याच्या नावापुढे फुली मारण्याआधी त्याला एका ओळीचा मेसेज पाठवायला सांगा आणि तो यायला तास संपेपर्यंत वेळ द्या.