आरओएएस ३.३३ आहे, तरीही ही कॅम्पेन थांबवा

‘ज्या कॅम्पेनवर सगळ्यात जास्त खर्च, तीच सगळ्यात जास्त ऑर्डर आणते. आरओएएस ३ च्या वर म्हणजे नफाच. आणि चालती कॅम्पेन थांबवली की लर्निंग पुसलं जातं, मग परत तसा रिझल्ट येत नाही.’ (व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

ताई, मेटावरची रीटार्गेटिंग कॅम्पेन येत्या सोमवारपासून १४ दिवस बंद ठेवावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी नफ्याचं बघू. जुलैत या कॅम्पेनवर ९०,००० रुपये गेले. मेटा तिच्या नावावर २०० ऑर्डर दाखवतं, साडी सरासरी १,५०० रुपयांची, म्हणजे विक्री ३ लाख. जाहिरातीच्या एका रुपयामागे ३.३३ रुपयांची विक्री, हाच आरओएएस. पण मेटा ऑर्डर पडली तेव्हाच मोजतं, साडी पोचली का ते त्याला कळत नाही. या २०० पैकी १२० कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि त्यातल्या ३६ परत आल्या. राहिल्या १६४. खरेदी, जीएसटी, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता एका साडीमागे तुमच्या हातात ४२० रुपये राहतात. १६४ साड्यांचे झाले ६८,८८०. परत आलेल्या पार्सलचं जाण्यायेण्याचं भाडं प्रत्येकी १४० प्रमाणे ५,०४० गेलं. उरले ६३,८४०. त्यासाठी जाहिरातीला ९०,००० मोजले. मेटाच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळतो म्हणून तो धरलेला नाही. ज्यांना क्रेडिट मिळत नाही, त्यांचा खड्डा आणखी मोठा.

म्हणजे पडलेल्या एका ऑर्डरमागे सरासरी ३१९ रुपये सुटतात. १,५०० भागिले ३१९, म्हणजे ४.७. तुमचा ना नफा ना तोटा आरओएएस हा आहे. ३ हा आकडा कुणाच्या तरी दुकानाचा असेल, तुमचा नाही.

आता ऑर्डर नक्की कोण आणतं ते. ही कॅम्पेन दाखवली जाते ती गेल्या ३० दिवसांत कार्टमध्ये साडी टाकून गेलेल्यांना. त्यातल्या बऱ्याच बायका तशाही परत आल्या असत्या. अ‍ॅड्स मॅनेजरच्या कॉलममध्ये ॲट्रिब्यूशनची तुलना उघडली, तर २०० पैकी ७४ ऑर्डर ‘1-day view’ मध्ये निघतात: जाहिरातीवर क्लिक केलंच नाही, नुसती डोळ्यांसमोरून गेली आणि एका दिवसात खरेदी झाली.

पण खरा पुरावा मेटात नाही, तुमच्या दुकानाच्या ऑर्डर पॅनलमध्ये आहे. जूनमध्ये या कॅम्पेनवर ४५,००० खर्च होते, जुलैत दुप्पट केले. बाकी जाहिरात दोन्ही महिने ७०,००० च होती, किमती त्याच, कूपन नाही आणि दोन्ही महिने मंदीचे. कॅम्पेनच्या नावावरच्या ऑर्डर ११० वरून २०० झाल्या. दुकानाच्या एकूण ऑर्डर मात्र ३९० वरून ४०२. मेटानं ९० वाढवल्या म्हणे, गल्ल्यात १२ आल्या, आणि त्यातही जुलैला एक दिवस जास्त होता! ३१९ चाच दर धरला, तर जाहिरात वजा जाता जूनमध्ये साडेनऊ हजार उरले होते, जुलैत जवळपास बत्तीस हजार खिशातून गेले.

लर्निंगची, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटा शिकतं त्याची, भीती अर्धी खरी आहे. ॲड सेट, म्हणजे कॅम्पेनमधला जाहिरातींचा गट, सात दिवस किंवा जास्त बंद राहिला, तर लर्निंग नव्यानं सुरू होतं. पण ते पूर्ण व्हायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० खरेदी लागतात. तुमच्या २०० ऑर्डर तीन ॲड सेटमध्ये विभागल्या आहेत, म्हणजे प्रत्येकी आठवड्याला पंधराच. डिलिव्हरी कॉलममध्ये तिन्हींसमोर ‘Learning limited’ लिहिलेलं दिसेल. जे कधी पूर्णच झालं नाही, ते पुसलं जाईल म्हणून काय रडायचं?

कॅम्पेन डिलीट करू नका, फक्त स्विच बंद करा. वाचलेले पैसे या १४ दिवसांत दुसऱ्या कॅम्पेनला देऊ नका आणि कूपनही काढू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. हे नागपंचमीच्या आधी उरकायला हवं. नंतर सणाची खरेदी सुरू झाली की तुलनाच चुकते.

जुलैच्या हिशेबानं १४ दिवसांत १८१ ऑर्डर यायला हव्यात. इतक्या आकड्यात २५ इकडे-तिकडे आपोआप होतात, तेव्हा चौथ्या दिवशी ऑर्डर कमी दिसल्या म्हणून घाबरून चालू करू नका. १४ दिवसांचा कॅम्पेनचा खर्च साधारण ४०,६०० आहे, तो भरून निघायला १२७ ऑर्डर लागतात. म्हणजे बंद असताना ऑर्डर ५४ च्या खाली गेल्या, तरच कॅम्पेन आपला खर्च काढत होती असं म्हणता येईल. तसं झालं तर त्याच दिवशी परत चालू करू. दीडशेच्या आसपास राहिल्या तर ती बंदच ठेवायची, आणि सणासाठी नव्या गिऱ्हाइकांची कॅम्पेन एकाच ॲड सेटमध्ये लावायची.