‘सखे’ म्हणजे कोण?

“बोरकरांच्या ‘संधिप्रकाशात’मधली सखी म्हणजे मृत्यूच. बाकी सगळे अर्थ चुकीचे.”

हा दावा कवितेच्या शब्दांत बसत नाही. कवितेत मरण आहेच, पण ‘सखे’ ज्या ओळीत येते ती वाचा. ती तुळशीचे पान आणते, ‘तुझ्या घरी वाण नाही त्याची’. पुढे ‘तूच ओढलेले’ पाणी. वाण नाही म्हणजे तुटवडा नाही. अंगणात वृंदावन आणि परसात विहीर असलेलं आमचं गोव्यातलं घर इथे स्पष्ट दिसतं; हाताने पाणी शेंदणारी ती घरधनीण. शिवाय ती निरोपाचे फूल देते. मृत्यू न्यायला येतो, निरोप मागे राहणारा देतो.

म्हणून पत्नी हा अर्थ मला सर्वांत भक्कम वाटतो.

दुसराही अर्थ टिकतो. आधी ‘जे जे भेटे’ त्यात ‘तुझे प्रतिबिंब’ दिसतं. तिथे ‘तू’ एका बाईपुरती राहत नाही. जगभर भरलेलं प्रिय तत्त्व होते. मात्र निव्वळ तत्त्व मानलं, तर ओढलेल्या पाण्याचं काय करायचं? हा अर्थ पत्नीच्या रूपातूनच उमलतो, तिला पुसून नव्हे.