एका कॅल्शियमची अनेक उत्तरे

भौतिक रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासणे हे काम बाहेरच्या माणसाला शांत, बैठे आणि सुखाचे वाटते. समोर गठ्ठा, हातात लाल पेन आणि शेजारी आदर्श उत्तराचा कागद, एवढाच काय तो सरंजाम. प्रश्नही असा की, ज्याचे उत्तर एकच यावे. ०.००३ मोलल पोटॅशियम क्लोराइड आणि ०.००१ मोलल कॅल्शियम क्लोराइड एकाच पाण्यात विरघळले आहेत. तापमान २५ अंश सेल्सिअस. द्रावणाची आयनिक स्ट्रेंग्थ काढा आणि लिमिटिंग लॉ वापरून कॅल्शियम आयनाचा ॲक्टिव्हिटी कोएफिशंट सांगा. आकडे मुद्दाम गोंडस घेतलेले होते. तरीही त्या गठ्ठ्यातून कॅल्शियमचे जे नानाविध अवतार बाहेर पडले, ते पाहून खुद्द कॅल्शियमनेही अवक्षेप होऊन तळाशी बसणे पसंत केले असते.

आदर्श उत्तराच्या कागदावर दोनच सूत्रे होती:

I = ½ Σ m z²

log γ = −0.509 z² √I

पहिल्या सूत्रातली आयनिक स्ट्रेंग्थ ही कल्पना लुईस आणि रँडल यांनी १९२१ मध्ये मांडली आणि तिला सैद्धांतिक पाया देणारा दुसरा नियम, म्हणजेच लिमिटिंग लॉ, १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी दिला. त्यातला γ म्हणजे ॲक्टिव्हिटी कोएफिशंट, द्रावणातल्या गर्दीत आयनाचा किती हिस्सा मोकळ्यासारखा वागतो हे सांगणारा गुणांक. पहिल्या सूत्राचे म्हणणे साधे आहे. द्रावणातला प्रत्येक आयन घ्यावा, त्याच्या मोललतेला त्याच्या प्रभाराच्या वर्गाने गुणावे, सगळ्यांची बेरीज करावी आणि निम्मी करावी. आपल्या द्रावणात पोटॅशियम ०.००३, कॅल्शियम ०.००१ आणि क्लोराइड ०.००५, कारण तीन भाग क्लोराइड पोटॅशियमबरोबर आले आणि दोन भाग कॅल्शियमबरोबर. कॅल्शियमचा प्रभार दोन, म्हणून त्याचे ०.००१ चौपट होऊन ०.००४ झाले. बेरीज ०.०१२, निम्मे ०.००६. झाले.

हे ‘झाले’ मी म्हणतो. गठ्ठा म्हणत नाही.

एका उत्तरपत्रिकेत कॅल्शियम क्लोराइडात दोन क्लोराइड असतात, म्हणून त्या क्लोराइडचा प्रभारही दोन, असा न्याय लावलेला होता. दोन आहेत म्हणून मोललता दुप्पट करायची, हे त्या विद्यार्थ्याने केलेच होते. पण एवढ्यावर भागले तर क्लोराइडवर अन्याय होईल असे वाटून त्याने त्याच दोनाचा वर्गही करून टाकला. आयनिक स्ट्रेंग्थ ०.००९ वर गेली. दुसऱ्या एका उत्तरपत्रिकेत निम्मे करायचे राहिले आणि ०.०१२ तशीच पुढे गेली. हे प्रकार जुने आहेत आणि लाल पेनाला तोंडपाठ आहेत. मात्र एका ठिकाणी आयनिक स्ट्रेंग्थ नेमकी ०.००१ आली होती आणि ती कुठून आली हे शोधताना माझा चहा निवून गेला.

विद्यार्थी अत्यंत प्रामाणिक होता. क्लोराइडचा प्रभार उणे एक, हे त्याने कॅल्क्युलेटरला प्रामाणिकपणे सांगितले. फक्त उणे एकाभोवती कंस घातला नाही. कॅल्क्युलेटर आधी एकाचा वर्ग करतो आणि मग त्याच्यापुढे उणे लावतो. त्यामुळे क्लोराइडचे ०.००५ बेरजेत मिळण्याऐवजी वजा झाले: ०.००३ उणे ०.००५ अधिक ०.००४, म्हणजे ०.००२, आणि निम्मे ०.००१. या पद्धतीने नुसत्या पोटॅशियम क्लोराइडच्या कोणत्याही द्रावणाची आयनिक स्ट्रेंग्थ शून्य भरते, म्हणजे पाण्यात कितीही मीठ ओता, पाणी आपले शुद्धच. वर्ग करण्यामागचा हेतूच मुळी असा आहे की, धन असो वा ऋण, प्रत्येक आयनाने बेरजेत भरच घालावी. ऋण आयन येऊन धन आयनांचे देणे फेडून जातील अशी सोय त्या सूत्रात नाही.

अशा वेळी मी एक आडवाट वापरतो, कारण गठ्ठा मोठा असतो. आयनिक स्ट्रेंग्थ क्षारागणिक वेगळी काढून नुसती बेरीज केली तरी चालते. एकास एक प्रभाराचा क्षार असेल तर त्याची मोललता तशीच घ्यायची. कॅल्शियम क्लोराइडसारखा असेल तर तिप्पट. दोन्ही आयन दुहेरी प्रभाराचे असतील तर चौपट. इथे ०.००३ अधिक तीन वेळा ०.००१, म्हणजे ०.००६. क्लोराइड सामाईक असले तरी बिघडत नाही, कारण मोललतेचा वर्ग कुठेच होत नाही. वर्ग होतो तो प्रभाराचा. एवढ्या एका वाक्याने निम्मा गठ्ठा तोंडी तपासता येतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि उत्तरपत्रिकांमध्ये त्याचा मागमूसही दिसत नाही.

आता दुसरे सूत्र. ०.००६ चे वर्गमूळ ०.०७७५, त्याला चाराने आणि ०.५०९ ने गुणले की ०.१५७७ येते. म्हणून log γ उणे ०.१५७७ आणि γ ०.६९६. आयनिक स्ट्रेंग्थ बरोबर काढून इथपर्यंत पोहोचलेली मंडळी या शेवटच्या उतारावर घसरतात आणि इथले घसरणे अधिक धोक्याचे, कारण उत्तर दिसायला सज्जन असते. वर्गमूळ घ्यायचे विसरले की ०.९७२ येते. लॉगरिदमचा पाया दहा असताना कॅल्क्युलेटरवरची e ची कळ दाबली की ०.८५४ येते. यातले एकही उत्तर पाहून परीक्षक दचकत नाही. दचकायला लावते ते फक्त १.४४, तिथे उणे चिन्ह वाटेत कुठेतरी गळून पडलेले असते. हा नियम कधीच एकाहून मोठा गुणांक देऊ शकत नाही, त्यामुळे १.४४ लिहिणाऱ्याला आपले चिन्ह हरवल्याची वर्दी उत्तरानेच दिलेली असते. पण वर्दी ऐकणार कोण? लॉगरिदमची छापील कोष्टके वापरणाऱ्यांचा प्रकार आणखी निराळा. त्यांना उणे ०.१५७७ चे आधी उणे एक अधिक ०.८४२३ करावे लागते आणि मग ०.८४२३ चा अँटिलॉग पाहावा लागतो. ज्याने थेट ०.१५७७ चे पान उघडले, त्याचा कॅल्शियम पुन्हा १.४४ वर जाऊन बसतो.

मग प्रश्न येतो तो वर्गातल्या हुशार मुलांचा. “सर, प्रभाराचा वर्ग आयनिक स्ट्रेंग्थमध्ये एकदा झाला. पुन्हा log γ मध्ये कशाला?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कॅल्शियमभोवतीच्या गर्दीत आहे. प्रत्येक धन आयनाभोवती सरासरीने ऋण प्रभाराचे एक पुसट वलय जमते. कार्यालयात साहेब जितका मोठा, तितके त्याच्याभोवती घुटमळणारे लोक अधिक आणि त्यातल्या प्रत्येकावर साहेबाची पकडही तितकीच अधिक. कॅल्शियमचा प्रभार दुप्पट, म्हणून वलयही दुप्पट प्रभाराचे. आणि त्या दुप्पट वलयाशी दुप्पट प्रभाराचे आकर्षण, म्हणून एकूण परिणाम चौपट. हा झाला कॅल्शियमचा स्वतःचा हिशोब. आयनिक स्ट्रेंग्थमधला वर्ग हा गर्दीचा हिशोब. तिथे पोटॅशियम, क्लोराइड आणि इतर सगळे कॅल्शियम मिळून वलय किती दाट करू शकतात, एवढेच मोजले जाते. म्हणूनच त्याच द्रावणात पोटॅशियमचा गुणांक ०.९१३ आहे आणि कॅल्शियमचा ०.६९६. गर्दी एकच, साहेब निराळे. या वलयाची जाडी २५ अंशांच्या पाण्यात नॅनोमीटरमध्ये ०.३०४ भागिले √I इतकी येते. आपल्या द्रावणात सुमारे ३.९ नॅनोमीटर. मीठ वाढवले की वलय आकसून आयनाच्या जवळ येते आणि आयन अधिक जखडला जातो.

काहींनी z² ऐवजी दोन्ही प्रभारांचा गुणाकार, म्हणजे दोन गुणिले एक, वापरून ०.८३४ लिहिले होते. या उत्तराला मी सरळ फुली मारू शकत नाही, कारण ते कॅल्शियम क्लोराइडच्या सरासरी गुणांकाचे अगदी अचूक उत्तर आहे. फक्त विचारले होते ते एकट्या कॅल्शियमचे. गंमत अशी की, प्रयोगशाळेत मोजता येतो तो हा सरासरी गुणांकच. कॅल्शियमला क्लोराइडपासून तोडून एकट्याला मोजण्याची शुद्ध वाट उष्मागतिकीत नाही. म्हणजे जे मोजता येते ते लिहिणाऱ्याचे गुण मी कापायचे आणि जे मोजताच येत नाही ते लिहिणाऱ्याला पूर्ण द्यायचे. परीक्षकाचे मन घट्ट असावे लागते ते असे.

प्रश्नाचा शेवटचा उपप्रश्न असा होता की, हाच नियम ०.१ मोलल कॅल्शियम क्लोराइडला लावून टिप्पणी करावी. आयनिक स्ट्रेंग्थ ०.३ येते आणि नियमाने सरासरी गुणांक ०.२८ येतो, प्रत्यक्ष मोजलेला आकडा ०.५१८ आहे आणि तो प्रश्नातच छापलेला होता. टिप्पणी म्हणून एकाने लिहिले, “प्रयोगात चूक झाली असावी.” नियमाने आयनाला आकार नसलेला बिंदू मानले आहे आणि वलयातली ऊर्जा उष्णतेच्या धडपडीपुढे किरकोळ धरली आहे, ०.०१ च्या वर आयनिक स्ट्रेंग्थ गेली की दोन्ही गृहीतके डळमळतात आणि दुहेरी प्रभाराच्या आयनांच्या बाबतीत तर त्याहूनही आधी. आणखी बऱ्याच घट्ट द्रावणात कॅल्शियम क्लोराइडचा मोजलेला गुणांक एकाच्याही वर जातो, जिथे हा नियम जन्मात पोहोचत नाही. पण प्रयोग करणाऱ्यावर संशय घेणे सोपे, कारण तो परीक्षेला हजर नसतो.

गठ्ठ्याच्या तळाशी जी उत्तरपत्रिका निघाली, तिने मात्र मला खरे अडचणीत आणले. त्या मुलीने पहिल्याच द्रावणासाठी आयनाचा आकार सहा अँगस्ट्रॉम धरून छेदासह विस्तारित समीकरण वापरले होते आणि कॅल्शियमचे उत्तर ०.७३० काढले होते. खाली एक ओळ लिहिली होती: “०.००६ ला लिमिटिंग लॉ कॅल्शियमसाठी आधीच कमी गुणांक देऊ लागतो.” वाक्य शब्दशः खरे होते. आदर्श उत्तराच्या कागदावर ०.६९६ छापलेले होते आणि सूचना होती की, दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळणाऱ्या उत्तरालाच गुण द्यावेत. प्रश्नात ‘लिमिटिंग लॉ वापरून’ हे शब्द ठळक अक्षरांत होते. मी बराच वेळ पेन फिरवले, मग तिच्या आयनिक स्ट्रेंग्थचे सगळे गुण दिले, गुणांकाचे अर्धे कापले, आणि उपप्रश्नाच्या टिप्पणीसाठी ठेवलेले गुण, तिने ती टिप्पणी चुकीच्या जागी लिहिलेली असूनही, तिथेच देऊन टाकले. बेरीज पूर्ण गुणांपेक्षा अर्ध्या गुणाने कमी भरली. पुनर्मूल्यांकनाचा तिचा अर्ज आठवडाभरात आला.